छतावरचं पाणी जमिनीत मुरवायचं, तर चर किती लांब-रुंद हवा? नेवाशातल्या घराचं गणित

पावसाळा तोंडावर आला की छतावरचं पाणी जमिनीत मुरवण्याची चर्चा सुरू होते. गवंडी सांगतो, "पाच बाय पाचचा खड्डा घ्या, दगड भरा, झालं." शेजारी सांगतो, "आमचा खड्डा तर पहिल्याच पावसात तुंबला." मग नेमका केवढा खड्डा खणायचा?

त्याचं उत्तर तीन गोष्टींमध्ये आहे. छत किती मोठं आहे, एका दमात किती पाऊस पडतो आणि खालची माती तासाला किती पाणी पिते. पहिल्या दोन गोष्टींवरून खड्ड्यात किती पाणी मावलं पाहिजे ते ठरतं. तिसरीवरून खड्डा किती रुंद असावा आणि त्या जागी तो खणावा की नाही, हे ठरतं. बहुतेक लोक पहिल्या दोन गोष्टींवर थांबतात आणि तिथंच फसतात.

या लेखात आपण नेवासा परिसरातल्या एका घराचं उदाहरण घेऊन हे गणित पायरीपायरीनं सोडवणार आहोत. उदाहरणातलं घर आणि त्याची मापं समजण्यासाठी धरलेली आहेत. तुम्ही तिथं तुमचे आकडे घालू शकता.

नेवाशाचंच उदाहरण का?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासा प्रवरा नदीच्या काठावर आहे. इथल्या जमिनीत थोड्या अंतरावर मोठा फरक पडतो. नदीजवळ गाळाची माती आणि तिच्याखाली वाळू-गोट्यांचे थर आहेत. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथं उत्खनन केलं. त्यांच्या अभ्यासात प्रवरेच्या काठावरच्या याच गोट्यांच्या थरांमध्ये अश्मयुगीन हत्यारं मिळाली होती. नदीपासून दूर गेलं की मात्र काळी माती लागते. तिच्याखाली कुठं पिवळसर चुनखडीची माती, कुठं मुरूम आणि शेवटी बेसाल्टचा कातळ.

म्हणजे एकाच गावात एका घरामागचा चर रात्रीतून रिकामा होईल आणि दुसऱ्या घरामागचा चार दिवस भरलेला राहील. दोन्ही घरांचं छत सारखं असलं तरीही.

पहिली पायरी: छतावरून किती पाणी येणार?

हे गणित सगळ्यात सोपं आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लीटर पाणी होतं. छताचं माप चौरस फुटांत असेल, तर त्याला १०.७६ नं भागा, म्हणजे चौरस मीटर मिळतील. माप घेताना उताराच्या पत्र्याची लांबी मोजू नका. वरून पाहिल्यावर छप्पर जमिनीवर जेवढी जागा झाकतं, तेवढीच धरायची.

पडलेलं सगळं पाणी पाइपापर्यंत येत नाही. काही स्लॅब ओला होण्यात जातं, काही खळग्यांत साचतं, काही उडून जातं. म्हणून सिमेंटच्या स्लॅबसाठी साधारण ८५ टक्के पाणी हाती येतं असं धरतात. पत्र्यावरून थोडं जास्त येतं, कौलांवरून थोडं कमी.

आता आपलं घर घेऊ. स्लॅब १,०७६ चौरस फूट, म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० × ५५० × ०.८५ म्हणजे ४६,७५० लीटर पाणी. दहा-बारा हजार लीटरच्या टँकरच्या साधारण चार खेपा होतात.

पण हा वर्षाचा आकडा खड्ड्याचं माप काढायला उपयोगी नाही. कारण हे पाणी एका दिवसात येत नाही. खड्ड्याला जो मार बसतो, तो एका जोरदार सरीचा. म्हणून विचारायचा प्रश्न असा: सगळ्यात जोराच्या कोणत्या सरीचं पाणी मला अडवायचं आहे?

दुसरी पायरी: सर किती जोराची धरायची?

आपण इथं एका तासात ४० मिलिमीटर पाऊस धरू. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात ढग गडगडून तास-दीड तास झोडपतात, तसा हा पाऊस. तुलनेसाठी सांगायचं तर, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारी हिशेबात अतिवृष्टी धरली जाते. म्हणजे आपण अतिवृष्टीतला निम्म्याहून जास्त पाऊस एकाच तासात कोसळेल असं गृहीत धरतोय.

तुमच्या मंडळातला रोजचा पाऊस कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर पाहता येतो. मागच्या काही वर्षांचे मोठ्या पावसाचे दिवस पाहिले की ४० मिलिमीटर तुमच्यासाठी जास्त आहे की कमी, याचा अंदाज येईल.

आता गणित: १०० × ४० × ०.८५ = ३,४०० लीटर. एका तासात एवढं पाणी पाइपातून खाली येणार. यातलं काही त्याच तासात मुरेल, उरलेलं खड्ड्यात मावलं पाहिजे.

तिसरी पायरी: माती किती पाणी पिते, हे मोजा

हीच पायरी सहसा वगळली जाते. आणि काळ्या मातीत ती चुकीच्या पद्धतीनं केली, तर वगळण्यापेक्षा जास्त नुकसान करते.

मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. अशा जमिनीत खड्डा करून दोन बादल्या पाणी ओतलं की ते बघता बघता गायब होतं. माणूस खूश होतो. पण ते पाणी माती पीत नसते, ते भेगांमधून पळत असतं. पाऊस सुरू झाला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि मग ती तासाला एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी घेत नाही. मे महिन्यातल्या परीक्षेत पास झालेली जमीन सप्टेंबरमध्ये नापास होते ती अशी.

म्हणून चाचणी भिजलेल्या मातीतच घ्यायची. पद्धत अशी:

१. जिथं चर घ्यायचा आहे, तिथं साडेतीन-चार फूट खोल खड्डा करा. त्याच्या कडा उताराच्या ठेवा, म्हणजे आत उतरता येईल. वरच्या मातीत चाचणी घेऊन उपयोग नाही. पाणी ज्या थरात मुरणार आहे, त्याच थरात ती घ्यायची.

२. त्या खड्ड्याच्या तळाशी ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच खोल असं एक छोटं चौकोनी भोक करा. फावड्यानं गुळगुळीत झालेल्या बाजू खिळ्यानं किंवा खुरप्यानं खरवडा.

३. ते पाण्यानं भरा आणि रात्रभर भिजत ठेवा. काळी माती असेल तर पूर्ण दिवसभर पुन्हा पुन्हा भरत राहा.

४. दुसऱ्या दिवशी त्यात १५ सेंटिमीटर पाणी घाला. आत एक पट्टी उभी करा आणि अर्ध्या तासात पाणी किती उतरलं ते लिहा. पुन्हा १५ सेंटिमीटरपर्यंत भरा, पुन्हा अर्धा तास मोजा. असं चार तास करा. सुरुवातीचे आकडे मोठे येतील, मग ते कमी होत एका जागी स्थिरावतील. शेवटचा स्थिर आकडा हाच खरा.

समजा आपल्या घरामागे वरची दीड फूट काळी माती आहे आणि खाली मुरूम लागला. मुरमात घेतलेल्या चाचणीत शेवटच्या अर्ध्या तासात पाणी ४० मिलिमीटर उतरलं. म्हणजे तासाला ८० मिलिमीटर. पण हा मातीचा शोषण-वेग नाही. कारण भोकातलं पाणी फक्त तळातून गेलं नाही, चारही बाजूंनी गेलं.

म्हणून एक छोटी दुरुस्ती करायची. भोकाचा तळ ३० × ३० म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर. पाणी १५ सेंटिमीटरवरून ११ वर आलं, म्हणजे सरासरी १३ सेंटिमीटर उंचीपर्यंत बाजू भिजलेल्या होत्या. चार बाजूंचं भिजलेलं क्षेत्र ४ × ३० × १३ म्हणजे १,५६०. तळ धरून एकूण २,४६० चौरस सेंटिमीटर. म्हणून खरा वेग ८० × ९०० ÷ २,४६० म्हणजे तासाला साधारण २९ मिलिमीटर.

आता यातला निम्माच वेग हिशेबात धरा. छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, वाळलेली पानं पाण्याबरोबर येतात आणि काही वर्षांत मातीची छिद्रं बुजवतात. पहिल्या वर्षीचा वेग पाचव्या वर्षी मिळत नाही. म्हणून आपण पुढच्या गणितासाठी तासाला १५ मिलिमीटर धरू.

चौथी पायरी: चराचं माप काढा

इथं दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, दगड भरलेल्या चरात पाण्याला पूर्ण जागा मिळत नाही. दगडांमधल्या पोकळीतच पाणी मावतं. ही पोकळी घरीच मोजता येते. २० लीटरची बादली तुम्ही आणणार असलेल्या दगडांनी काठोकाठ भरा आणि मापानं पाणी ओता. ७ लीटर मावलं, तर पोकळी ३५ टक्के. एकसारख्या मोठ्या दगडांत साधारण एवढी पोकळी मिळते. त्यात खडी आणि वाळू मिसळली की ती झपाट्यानं कमी होते. म्हणून चरात तळापासून मोठे दगडच भरायचे आणि गाळणीसाठी वाळूचा पातळ थर फक्त वर द्यायचा.

दुसरी, पाणी मुरण्यासाठी तळ धरायचा नाही. गाळ तळाशी बसतो आणि काही वर्षांत तळ बंद होतो. ब्रिटनमधल्या इमारत संशोधन संस्थेची शोषखड्ड्यांसाठीची प्रसिद्ध पद्धतही तळ सोडूनच गणित करते. ती फक्त बाजू धरते आणि त्याही अर्ध्या उंचीपर्यंत. कारण पाणी उतरत जातं तशी भिजलेली बाजू कमी होत जाते. आपणही तसंच करू.

आता चराची रुंदी ६० सेंटिमीटर घेऊ. जेसीबीच्या दोन फुटी बकेटनं एवढा चर सहज निघतो. छतावरून येणारा पाइप जमिनीखाली ५० सेंटिमीटरवर चरात शिरेल आणि त्याखाली दीड मीटर खोलीत पाणी साठेल. म्हणजे खोदाई एकूण दोन मीटर. पाणी साठणारा भाग काळ्या मातीच्या खाली, मुरमात आला.

अशा एक मीटर लांबीच्या चरात:

साठा = ०.६ × १.५ × ०.३५ = ०.३१५ घनमीटर, म्हणजे ३१५ लीटर.

मुरणारं पाणी = दोन बाजू × अर्धी उंची ०.७५ मीटर = १.५ चौरस मीटर. त्यातून तासाला १५ मिलिमीटर म्हणजे २२.५ लीटर.

एका तासात एक मीटर चर एकूण ३३७.५ लीटर पाणी सांभाळतो. आपल्याला ३,४०० लीटर सांभाळायचं आहे. ३,४०० ÷ ३३७.५ म्हणजे साधारण १० मीटर.

उत्तर मिळालं: दोन फूट रुंद, पाइपाखाली पाच फूट खोल आणि ३३ फूट लांब.

पाचवी पायरी: चर किती वेळात रिकामा होतो?

माप काढून थांबू नका. भरलेला चर पुढच्या पावसाच्या आधी रिकामा झाला पाहिजे. एक दिवस, म्हणजे २४ तास ही चांगली मर्यादा आहे.

आपल्या १० मीटर चरात ३,१५० लीटर पाणी साठतं आणि तासाला सरासरी २२५ लीटर मुरतं. ३,१५० ÷ २२५ म्हणजे १४ तास. चर पास झाला.

आता हाच चर वेगवेगळ्या जमिनीत काढून पाहू. छत तेच, पाऊस तोच, रुंदी आणि खोलीही तीच. बदलतो फक्त हिशेबात धरलेला शोषण-वेग.

| शोषण-वेग, तासाला | लागणारी लांबी | रिकामा व्हायला वेळ |
|---|---|---|
| २५ मिमी | ९.६ मीटर | ८ तास |
| १५ मिमी | १०.१ मीटर | १४ तास |
| १० मिमी | १०.३ मीटर | २१ तास |
| ५ मिमी | १०.५ मीटर | ४२ तास |
| २ मिमी | १०.७ मीटर | १०५ तास |

या तक्त्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. शोषण-वेग २५ वरून २ वर आला, तरी चराची लांबी जेमतेम एक मीटरनं वाढली. कारण एका तासाच्या सरीत मुरणारं पाणी थोडंच असतं, बहुतेक पाणी साठवावंच लागतं. पण रिकामं व्हायचा वेळ ८ तासांवरून चार दिवसांपेक्षा जास्त झाला. म्हणजे नुसतं माप पाहिलं तर काळ्या मातीतला चर आणि मुरमातला चर जवळपास सारखाच दिसतो. पण काळ्या मातीतल्या चरात दुसऱ्या दिवशीच्या पावसाला जागाच नसते.

मग चर मोठा केला तर?

इथंच अनेकांचे पैसे वाया जातात. चर तुंबतो म्हणून तो आणखी लांब किंवा खोल केला जातो. पण लांबी दुप्पट केली की बाजू दुप्पट होतात आणि भरल्यावर आतलं पाणीही दुप्पट होतं. खोलीचंही तसंच. त्यामुळे पूर्ण भरलेला चर रिकामा व्हायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. तो फक्त रुंदीवर आणि मातीवर अवलंबून असतो. सूत्र असं आहे:

रिकामा होण्याचे तास = चराची रुंदी मिलिमीटरमध्ये × पोकळी ÷ शोषण-वेग

आपल्या चरासाठी ६०० × ०.३५ ÷ १५ म्हणजे १४ तास. वर आलेलंच उत्तर.

यावरून अरुंद आणि लांब चर हा रुंद खड्ड्यापेक्षा लवकर रिकामा होतो, हे लक्षात येईल. शोषण-वेग ५ मिलिमीटर असेल, तर रुंदी ३५ सेंटिमीटर ठेवली की वेळ २४ तासांच्या आसपास येतो. फक्त लांबी साधारण १८ मीटर लागते. मोठी जागा असेल तर हे जमेल, नाहीतर दोन समांतर चर घ्यावे लागतील. त्यांच्यात काही फूट अंतर सोडा.

वेग २ मिलिमीटर असेल, तर रुंदी १४ सेंटिमीटर हवी. एवढा बारीक चर दीड मीटर खोल खणता येत नाही. म्हणजे उत्तर स्पष्ट आहे. त्या थरात पाणी मुरवायचं नाही. काळी माती संपून मुरूम किंवा वाळू-गोटे किती खोलीवर लागतात ते पाहा आणि पाणी साठणारा भाग तिथं न्या. दहा-बारा फूट गेलं तरी काळी चिकण मातीच असेल, तर टाकी बांधून पाणी साठवणं जास्त शहाणपणाचं.

पाच बाय पाचच्या खड्ड्याचं काय?

केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शनात साधारण १०० चौरस मीटर छतासाठी १ ते २ मीटर रुंद आणि २ ते ३ मीटर खोल खड्डा सांगितला जातो. गवंड्याचा 'पाच बाय पाच' त्यातलाच. तो चूक आहे का?

दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाइपाखाली दोन मीटर खोल खड्डा घ्या. दगड भरल्यावर त्यात १,५७५ लीटर पाणी मावतं. आपल्या मुरमात तासाला ९० लीटर मुरतं. म्हणजे एका तासात जेमतेम २० मिलिमीटर पावसाचं पाणी तो सांभाळेल. ४० मिलिमीटरची सर आली तर निम्मं पाणी बाहेर जाईल. भरल्यावर तो साडेसतरा तासांत रिकामा होईल.

तरीही तो निरुपयोगी नाही. वर्षातले बरेच पावसाळी दिवस २० मिलिमीटरच्या आतलेच असतात. त्यांचं पाणी हा खड्डा पूर्ण घेतो. पैसे किंवा जागा कमी असेल, तर ४० ऐवजी २० मिलिमीटर धरून पाच मीटरचा चर घेतला तरी वर्षाच्या पाण्यातला मोठा वाटा मुरतो. सुटतं ते फक्त मोठ्या सरींचं वरचं पाणी.

काही जण दगड न भरता सिमेंटच्या भोकं असलेल्या रिंगा टाकून खड्डा पोकळ ठेवतात. त्याच खड्ड्यात मग जवळपास तिप्पट पाणी मावतं. पण बाजू तेवढ्याच राहतात, म्हणून रिकामं व्हायलाही तिप्पट वेळ लागतो. आपल्या मुरमात सुमारे ५० तास. मोठे पाऊस अंतरानं येत असतील तर हे चालेल, सलग येत असतील तर नाही. पोकळ खड्ड्यावर मजबूत झाकण मात्र हवंच.

कुठं खणू नये?

नेवासा तालुक्याच्या मोठ्या भागाला मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी मिळतं. प्रवरासंगमच्या बाजूला जायकवाडीचा फुगवटा येतो. अशा ठिकाणी पावसाळा संपताना विहिरींचं पाणी खूप वर आलेलं असू शकतं. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाहा. पाणी जमिनीपासून तीन मीटरच्या आत असेल, तर तिथं पुनर्भरण चर खणून उपयोग नाही. खालीच जागा नसेल तर पाणी मुरणार कुठं? अशा वेळी चर पावसाआधीच झिरप्यानं भरलेला दिसतो.

घराच्या पायापासून किमान तीन मीटर अंतर ठेवा. काळ्या मातीत पाच मीटर. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पायाजवळ सतत पाणी मुरवलं तर भिंतींना तिरक्या भेगा पडू शकतात. शौचालयाच्या टाकीजवळही चर नको. सांडपाण्याचा शोषखड्डा आणि पावसाच्या पाण्याचा चर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची पाइपलाइन कुठंही जोडू नका.

खोदताना दीड मीटरच्या पुढं उभ्या कडांच्या चरात कोणालाही उतरवू नका. वरची काळी माती अचानक ढासळते. दगड वरूनच भरता येतात.

चर चालतोय की नाही, हे कसं ओळखायचं?

चर भरताना त्यात एक चार इंची पीव्हीसी पाइप उभा ठेवा. खालच्या भागाला भोकं पाडा आणि वर टोपण लावा. मोठ्या पावसानंतर यात काठी घालून पाणी किती आहे ते पाहा. पहिल्या वर्षी भरलेला चर किती तासांत रिकामा होतो, ते एकदा लिहून ठेवा. हाच तुमच्या चराचा ताप मोजायचा थर्मामीटर.

पहिल्या वर्षी तो हिशेबातल्या १४ तासांच्या आधीच रिकामा होईल, कारण आपण निम्माच वेग धरला होता. पुढं हा वेळ वाढत वाढत २४ तासांच्या पलीकडं गेला, तर बाजू गाळानं बंद होत आल्या आहेत. पाइपात पाणी नाही, पण छतावरचं पाणी चराच्या वर तुंबलंय, असं दिसलं तर दोष वरच्या वाळूच्या थरात आहे. ती वाळू काढून धुवा किंवा बदला. वाळू आणि दगड यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड टाकलं असेल तर हे काम अर्ध्या दिवसात होतं. कापड नसेल तर वाळू दगडांत उतरते, पोकळी भरते आणि सगळा चर उकरावा लागतो.

गाळ आत येऊच नये म्हणून दोन गोष्टी करा. पहिल्या पावसाचं १०० ते २०० लीटर पाणी वेगळ्या व्हॉल्व्हनं बाहेर सोडा. १०० चौरस मीटर छतावर हा एक-दोन मिलिमीटरच पाऊस होतो, पण छताची बहुतेक घाण त्यातच निघून जाते. आणि चराच्या आधी एक छोटी हौदी बांधा, म्हणजे माती तिथंच खाली बसेल.

चराला जास्तीचं पाणी बाहेर जाण्यासाठी पाइप हवाच. आपला चर एका तासात ४० मिलिमीटरसाठी आहे. तीन तासांत ६५ मिलिमीटर पडला, तर ५,५२५ लीटर पाणी येईल. त्यातलं सुमारे ६७५ लीटर मुरेल, ३,१५० साठेल आणि १,७०० लीटर उरेल. ते अंगणात न साचता गटारीकडं गेलं पाहिजे.

नियम काय सांगतो?

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामांना पावसाच्या पाण्याच्या संकलनाची व्यवस्था करावी लागते. नेवाशात बांधकाम परवानगीसाठी नगरपंचायतीकडं आणि ग्रामीण भागात संबंधित कार्यालयाकडं जाताना हे विचारून घ्या. छोट्या भूखंडाला सक्ती नसली, तरी गणित तेच लागू होतं.

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो: मग माझ्या बोअरला पाणी वाढेल का? मुरलेलं पाणी तुमच्या हद्दीत थांबत नाही. कातळातल्या भेगांप्रमाणे ते उताराकडं सरकतं. एका घराच्या ४६ हजार लीटरनं बोअरची पातळी वाढलेली दिसेलच असं नाही. एका गल्लीतल्या वीस घरांनी चर घेतले तर तोच आकडा नऊ लाख लीटरच्या वर जातो आणि तेवढं पाणी परिसरातल्या विहिरींच्या वाट्याला येऊ शकतं. पण हे पाणी लवकर यावं म्हणून छताचा पाइप गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडू नका. चरात माती जे गाळून घेते, ते सगळं तिथं सरळ भूजलात जातं.

थोडक्यात, काम या क्रमानं करा. आधी ऑक्टोबरमधली विहिरीची पातळी, मग भिजवून घेतलेली चाचणी, मग रुंदी आणि सगळ्यात शेवटी लांबी. जेसीबी बोलवायची वेळ त्यानंतरची.